पहिल्या हस्तलिखितासाठी एक बिननावाची प्रत

कुणी पहिली कादंबरी लिहून संपवली की आजूबाजूच्या माणसांना एक प्रश्न सुचतो आणि एक भेटवस्तू. प्रश्न ठरलेला, "मग, पुस्तक कधी येतंय?" भेटवस्तू म्हणून बहुतेक वेळा हाच प्रश्न रंगीत कागदात गुंडाळून दिला जातो. भारी पेन म्हणजे पुढचं लिही. कोरी वही म्हणजे लवकर लिही. लेखनतंत्रावरचं पुस्तक म्हणजे हे जे लिहिलंस ते अजून जमलेलं नाही. देणाऱ्याच्या मनात यातलं काही नसतं, पण घेणारा नुकताच दीड-दोन वर्षांच्या कामातून बाहेर आलेला असतो आणि त्या आठवड्यात त्याला सगळं असंच ऐकू येतं.

यातल्या सगळ्यांत महागड्या भेटीतून सगळ्यांत जास्त नुकसान होतं. ती भेट म्हणजे स्वखर्चाने पुस्तक छापून देणारं पॅकेज. त्यात मुखपृष्ठ येतं, आयएसबीएन येतो, ठरलेल्या प्रती येतात आणि त्याबरोबर एक तारीखही येते. पहिला खर्डा पूर्ण झाल्यावर लेखकाला हवा असतो तो त्याच्यापासून लांब राहण्याचा काळ, आणि पॅकेज नेमका तोच काळ खाऊन टाकतं. न तपासलेला मजकूर छापखान्यात जातो आणि मग तिसऱ्या पानावरची चूक ठरलेल्या सगळ्या प्रतींमध्ये कायमची राहते. "मी वाचून तुला मोकळेपणाने सांगतो" ही फुकटची भेटही त्याच जातीची. न मागता आणि इतक्या लवकर आलेला अभिप्राय लेखकाच्या कानात बसतो. मग दुरुस्ती करताना तो स्वतःच्या कथेशी बोलायचं सोडून त्या अभिप्रायाशी भांडत बसतो.

आमचं मत असं की अशा वेळी द्यायची वस्तू एकच आहे. त्याच्याच हस्तलिखिताची छापलेली, स्पायरल घातलेली, कव्हरवर काहीही नाव नसलेली एक प्रत. खर्चाने ही किरकोळ गोष्ट आहे. तरीही ती पेनापेक्षा आणि पॅकेजपेक्षा बरी का, याचं कारण संगणकात आहे. संगणकावर लिहिणाऱ्याचा पहिला पूर्ण खर्डा फार दिवस टिकत नाही. दुसऱ्या हाताला तो त्याच फाइलमध्ये बदल करतो, सेव्ह करतो आणि पहिला खर्डा पुसला जातो. कागदावरची प्रत तो दिवस धरून ठेवते. पुढे पुस्तक आलं तरी ती खरी आणि कधीच आलं नाही तरी ती तितकीच खरी. जे झालं आहे त्याचीच ती नोंद असल्यामुळे पुढचं काही मागायची सोय तिच्यात नाही. अर्थात, ती कशी बनवली यावर हे सगळं अवलंबून आहे. चुकीच्या तऱ्हेने बनवलेली प्रत पॅकेजइतकीच ओझ्याची होऊ शकते.

पहिली अडचण फाइलची. इथे पूर्ण गुपित ठेवता येत नाही, आणि ठेवूही नये. लेखकाच्या संगणकातून त्याच्या नकळत मजकूर घेणं हा विश्वासाचा भंग आहे, मग हेतू कितीही चांगला असो. शिवाय बहुतेकांच्या फोल्डरमध्ये "अंतिम", "अंतिम २" आणि "अंतिम खरी" अशा तीन फाइली असतात, किंवा प्रत्येक प्रकरणाची वेगळी फाइल असते. त्यातली कोणती खरी हे फक्त त्यालाच माहीत असतं. म्हणून सरळ विचारावं, "तुझ्या लिखाणाची एक प्रत छापून देतो, मी वाचणार नाही, कोणती फाइल घेऊ?" या वाक्यातले मधले तीन शब्द महत्त्वाचे आहेत आणि ते पाळायचे आहेत. तो नको म्हणाला तर विषय तिथेच सोडून द्यावा.

फाइल हातात आल्यावर शब्दाला हात लावायचा नाही. ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं दिसलं तरी नाही. आपण फक्त पानाची मांडणी बदलतो.

ही मांडणी एका उदाहरणाने पाहू. समजा कादंबरी ६०,००० शब्दांची आहे, १८ प्रकरणांची, युनिकोडमध्ये टाइप केलेली. कागद ए-फोर, म्हणजे २१० बाय २९७ मिलिमीटर. शिवणीच्या बाजूला ३० मिलिमीटर समास, बाहेरच्या बाजूला ३५, वर २५, खाली ३०. अक्षर १३ पॉइंटचं. ओळींमधल्या अंतरासाठी वर्डमधला १.५ हा पर्याय निवडू नये. तो फॉन्टच्या स्वतःच्या उंचीला गुणतो आणि मात्रा-उकारांना जागा म्हणून देवनागरी फॉन्टची ही उंची अनेकदा मुळातच जास्त ठेवलेली असते. त्यामुळे ओळी फार लांब लांब पडतात आणि पानं फुगतात. त्याऐवजी Line spacing मध्ये Exactly निवडून २२ पॉइंट द्यावेत. असं केलं की पानावर ३१ ओळी बसतात. संवादाच्या अर्ध्यामुर्ध्या ओळी धरून एका पानावर साधारण २७० शब्द येतात. भागाकार केला तर २२२ पानं होतात आणि प्रत्येक प्रकरण नव्या पानावर सुरू केल्याने वाया जाणारी जागा धरली तर २३२. पाठपोट छापलं तर ११६ कागद.

जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. ८० जीएसएमचा ए-फोर कागद ५ ग्रॅमचा असतो, कारण एका चौरस मीटरमध्ये असे १६ कागद बसतात. म्हणजे आपली प्रत ५८० ग्रॅमची झाली. असा एक कागद साधारण ०.१ मिलिमीटर जाड असतो, तेव्हा गठ्ठा बारा मिलिमीटरच्या आतबाहेर. त्याला १६ मिलिमीटरची स्पायरल लागते. गठ्ठ्याच्या मापाचीच, म्हणजे १२ची घातली तर पानं उलटताना अडकतात आणि छिद्रांपाशी फाटू लागतात. हेच एका बाजूला छापलं तर २३२ कागद, सव्वा किलोच्या जवळ वजन आणि जवळपास दुप्पट जाडी. असं बाड मांडीवर घेऊन कुणी वाचत नाही.

एका बाजूला छापायची पद्धत चुकीची मुळीच नाही. संपादनासाठी तीच योग्य. समोरच्या कोऱ्या पानावर नवा परिच्छेद लिहिता येतो आणि कागद कापून दुसरीकडे लावता येतात. पण नेमकं म्हणूनच ती भेट म्हणून नको. २३२ कोरी पानं समोर ठेवणं म्हणजे काम देणं. पाठपोट छापलेली प्रत वाचायची असते, आणि हा फरक लेखकाच्या हाताला लगेच कळतो. बाहेरचा समास ३५ मिलिमीटरच का, याचंही उत्तर इथेच आहे. त्याहून अरुंद ठेवला तर अंगठा अक्षरांवर येतो आणि ५०-६० ठेवला तर पान तपासायला दिल्यासारखं दिसतं. ३५मध्ये एखादी खूण करता येते, निबंध लिहिता येत नाही.

पाठपोट छपाईत दोन ठिकाणी हमखास चूक होते. पहिली समासाची. शिवणीची बाजू उजव्या पानावर डावीकडे असते आणि त्याच्या पाठीवर उजवीकडे. वर्डमध्ये Mirror margins निवडलं नाही तर प्रत्येक सम पानावर शिवणीच्या बाजूला ३०ऐवजी ३५ आणि बाहेर ३० असं उलटं होतं. आपल्या मापांत एवढ्याने बिघडत नाही. पण शिवणीची बाजू रुंद आणि बाहेरची १२-१५ मिलिमीटर ठेवलेली असेल तर सम पानावर ती अरुंद बाजू शिवणीकडे येते आणि मजकूर स्पायरलच्या छिद्रांच्या अगदी जवळ जातो. दुसरी चूक पान उलटण्याची. छापताना Flip on long edge हवं. दुसरा पर्याय राहिला तर प्रत्येक मागचं पान डोकं खाली घेऊन येतं. यावर उपाय एकच. आधी पहिली दहा पानं छापून घ्यायची, हातात धरून उलटायची आणि मगच उरलेली.

मराठी मजकुराला आणखी एक खास धोका आहे. लेखक जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये लिहिणारा असेल तर ती फाइल दुसऱ्या संगणकावर उघडताच इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कालवा दिसतो. ती युनिकोडमध्ये रूपांतरित करायच्या फंदात पडू नये. रूपांतरात जोडाक्षरं आणि रफार इकडचे तिकडे होतात, आणि आपण वाचणार नसल्यामुळे ते आपल्याला कळणारही नाही. लेखकाच्याच संगणकावर पीडीएफ करून घ्यावी आणि तीच छापावी. त्या पीडीएफच्या Properties मध्ये Fonts या भागात फॉन्टच्या नावापुढे Embedded असं दिसलं की ती कुठेही तशीच छापली जाईल.

युनिकोड फाइल असेल तर फॉन्ट बदलायला हरकत नाही, उलट बदलावाच. लेखकाने हा मजकूर एकाच फॉन्टमध्ये, एकाच पडद्यावर शेकडो वेळा पाहिलेला असतो. वळण बदललं आणि ओळी वेगळ्या जागी तुटल्या की त्याच वाक्यांकडे नजर नव्याने जाते. मराठी वळणाचे ल आणि श असलेला, छापील पुस्तकाच्या जवळ जाणारा फॉन्ट घ्यावा. Tiro Devanagari Marathi हा त्यातला एक, मोफत मिळणारा. बदलल्यावर मात्र एक गोष्ट शोधून पाहावी लागते. 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या आणि 'दर्या' म्हणजे समुद्र. हा अर्धा र काही जण ज्या पद्धतीने टाइप करतात तिच्यात एक न दिसणारं जोडचिन्ह असतं. मजकूर एका फाइलमधून दुसरीत चिकटवताना ते गळालं की डोंगराचा समुद्र होतो. मूळ फाइलमध्ये 'ऱ्य' आणि 'ऱ्ह' असलेले चार-पाच शब्द नजरेनेच हेरून टिपायचे आणि नव्या पानावर ते तसेच आहेत का ते पाहायचं. तेवढ्या शब्दांपुरती न वाचण्याच्या वचनाला सूट आहे.

फाइलमध्ये ट्रॅक चेंजेस चालू असेल तर छापताना सगळा मजकूर आकसून बाजूला रंगीत फुगे येतात. छपाईच्या पर्यायांमधलं Print Markup बंद करावं. बदल स्वीकारायचे किंवा नाकारायचे हा अधिकार आपला नाही. पानांवर आकडे नसतील तर ते मात्र घालावेत, बाहेरच्या खालच्या कोपऱ्यात, सलग. प्रकरणागणिक नव्याने सुरू होणारे आकडे असले आणि गठ्ठा हातातून निसटला तर तो परत लावता येत नाही.

छपाई लेझरची घ्यावी. शाईच्या प्रिंटरवरचा मजकूर ओलसर बोट लागलं तरी फिसकटू शकतो. कागद थोडा पिवळसर मिळाला तर डोळ्यांना बरा, पण ७० जीएसएमच्या खाली जाऊ नये, मागच्या पानाची अक्षरं पुढे दिसतात. फाइल पेनड्राइव्हवर न्यावी आणि काम झाल्यावर दुकानातल्या संगणकावरून ती डेस्कटॉपवरून आणि रिसायकल बिनमधूनही पुसून घ्यावी. अप्रकाशित मजकूर आहे, आणि आपला नाही.

आता बांधणी. इथे देणाऱ्याचं प्रेम उतू जातं आणि काम बिघडतं. जाड पुठ्ठा, कापडी पाठ, त्यावर सोनेरी अक्षरात शीर्षक आणि लेखकाचं नाव, आत "पहिली आवृत्ती" असं पान. दिसायला सुंदर. पण ही वस्तू 'हे पुस्तक झालं' असं म्हणते, आणि लेखकाला पक्कं माहीत असतं की झालेलं नाही. त्याला कदाचित शीर्षक बदलायचं असतं. ते आता सोन्यात कोरलेलं आहे. चिकट बांधणीत आणखी एक व्यवहाराची खोट आहे. पाठीला फक्त सरस असतो, त्यामुळे प्रत टेबलावर सपाट उघडी राहत नाही आणि जोर देऊन उघडली की पाठ तडकून पानं सुटतात. स्पायरलची प्रत पूर्ण उघडते, एक बाजू मागे दुमडता येते आणि दिसायला ती मुद्दाम कच्ची असते. तिचं कच्चं दिसणं हाच तिचा गुण. तिच्यात खूण केली तर काही बिघडत नाही, चहाचा डाग पडला तरी चालतो.

कव्हर २५० ते ३०० जीएसएमचं साधं रंगीत कार्ड, दोन्ही बाजूंना. झेरॉक्सच्या दुकानात सवयीने पुढे पारदर्शक प्लास्टिक लावतात, त्याला आधीच नाही म्हणावं. त्यातून शीर्षकाचं पान दिसतं. प्रत टेबलावर पडलेली असताना येणारा-जाणारा शीर्षक वाचतो आणि विचारतो, "हे काय? पुस्तक लिहिलंस? कधी येतंय?" ज्या प्रश्नापासून लेखकाला चार दिवस सुटका हवी होती तोच प्रश्न आपण घरात आणून ठेवतो. कोऱ्या कव्हरची प्रत हिशेबाच्या कागदांसारखी दिसते आणि शांत पडून राहते.

ही मांडणी मान्य नसणारेही आहेत. त्यांचं म्हणणं असं की लेखकाला थोडा रेटा लागतोच, नाहीतर खर्डे वर्षानुवर्षं कपाटात राहतात. यात तथ्य आहे. खर्डे राहतात. पण रेटा कोणत्या टप्प्यावर द्यायचा हा प्रश्न आहे. लिहिणं चालू असताना ठरलेली तारीख उपयोगी पडते. लिहून संपल्याबरोबर दिलेल्या तारखेमुळे मात्र लेखक स्वतःचाच मजकूर ताज्या आठवणीवर वाचतो. पानावर जे नाही तेही त्याला दिसतं, कारण ते डोक्यात असतं. वगळलेला दुवा, दोन प्रकरणांत बदललेलं एका पात्राचं वय, तिसऱ्यांदा आलेलं तेच वर्णन, हे काही आठवडे गेल्याशिवाय दिसू लागत नाही. तेव्हा या काळात न रेटणं हेच कामाच्या बाजूचं आहे. आणि खर्डा कपाटातच राहायचा असेल, तर निदान तो पूर्ण आणि वाचता येईल असा राहील.

हाताने लिहिणाऱ्यांसाठी कृती थोडी वेगळी. मूळ कागदांना छिद्रं कधीच पाडू नयेत. ३०० डीपीआयवर, करड्या छटांमध्ये स्कॅन करून त्यावरून प्रत छापावी. निव्वळ काळ्या-पांढऱ्या स्कॅनमध्ये पेन्सिलीच्या फिक्या ओळी आणि खोडलेले शब्द नाहीसे होतात. पाठपोट लिहिलेल्या पातळ कागदावर मागची अक्षरं उमटून येत असतील तर कागदामागे काळा कागद ठेवून स्कॅन करावं, ती बरीच दबतात. या लेखकांसाठी ही भेट जास्तच मोलाची, कारण त्यांच्याकडे त्या मजकुराची दुसरी प्रत बहुधा नसते. मूळ कागद आणि स्कॅनची फाइल दोन्ही त्यांच्याच हाती द्यावी.

दीड लाख शब्दांचं बाड असेल तर आकडे अडीच पटीने वाढतात. ५८० पानं, २९० कागद, जवळपास दीड किलो. त्याचे दोन भाग करावेत, प्रकरण संपतं तिथे तोडून, पानांचे आकडे मात्र सलग ठेवून.

आत काय लिहावं? प्रतीवर काहीच नाही. "भावी साहित्यिकास" नको आणि "वाचकांच्या प्रतीक्षेत" तर अजिबात नको. सुटी चिठ्ठी ठेवावी, म्हणजे ती काढून टाकता येते. तिच्यात झालेली गोष्ट लिहावी. "साठ हजार शब्द, अठरा प्रकरणं. सगळी पूर्ण. ही प्रत तुझी, उघडलीस तरी चालेल, ठेवून दिलीस तरी." सोबत लाल पेन देऊ नये, चिकटपट्ट्यांची पाकिटं देऊ नयेत. देताना तिथेच उघडून पाहा असा आग्रह नको, फोटो नको, आणि चार लोकांत तर देऊच नये. नंतर "वाचलीस का?" हे विचारायचं नाही. महिन्याने नाही, सहा महिन्यांनीही नाही. त्याला बोलायचं असेल तर तो काढेल विषय.

गुंडाळण्यापूर्वी तपासणी दोन मिनिटांची. स्पायरलची दोन्ही टोकं आत वळवलेली हवीत, नाहीतर ती हळूहळू फिरत बाहेर येते आणि कपड्यांत अडकते. मग सगळी पानं एकदा उलटायची. प्रिंटर कधी दोन कागद एकत्र ओढतो आणि मध्येच एक कोरं पान येतं, कधी एखादा कागद दुकानातच राहून जातो. १ ते २३२, एकही आकडा गळालेला नको. हे करताना डोळे बाहेरच्या खालच्या कोपऱ्यावर ठेवायचे, आकड्याच्या वर जायचं नाही.